एम्फसाइजला ‘ऑन’ का लागत नाही

ऑफिसच्या इंग्रजी ई-मेलमध्ये काही चुका अशा असतात, की त्यांच्याखाली स्पेलिंग तपासणारी लाल रेघ उमटत नाही. ‘वी वुड लाइक टु एम्फसाइज ऑन क्वालिटी’ हे वाक्य घ्या. यातल्या प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग बरोबर असतं आणि अर्थही लगेच कळतो. तरी वरिष्ठ मसुदा वाचताना ‘ऑन’ खोडतात आणि पुढे जातात. लिहिणाऱ्याला दुरुस्ती दिसते, पण तिचं कारण कळत नाही. मग पुढच्या ई-मेलमध्ये तोच ‘ऑन’ परत येतो. ‘कम्प्राइजेस ऑफ’मधला ‘ऑफ’, ‘कोप अप विथ’मधला ‘अप’, ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ हे सगळे त्याच घरचे.

अशा चुकांना निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. निष्काळजीपणाची चूक दर वेळी वेगळी होते. ही चूक पुण्यात, नागपुरात आणि पणजीत अगदी सारखी होते, म्हणजे तिच्यामागे काहीतरी पद्धत आहे. ती पद्धत कळली, तर पन्नास जोड्यांची यादी पाठ करावी लागत नाही. आगाऊ आलेला ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ मुळात कोणत्या शब्दाचा आहे, एवढं शोधावं लागतं. बहुतेक वेळा तो एकतर त्याच क्रियापदाच्या नामाचा असतो, नाहीतर शेजारच्या एखाद्या क्रियापदाचा.

नामाचा ‘ऑन’ क्रियापदाला

इंग्रजीत ‘एम्फसिस’ हे नाम आहे. नामाला स्वतःचं कर्म घेता येत नाही. ‘एम्फसिस क्वालिटी’ असं म्हणता येत नाही, कारण दोन नामं नुसती शेजारी ठेवून त्यांचं नातं कळत नाही. ते नातं दाखवायला मध्ये ‘ऑन’ लागतो: ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’. ‘एम्फसाइज’ हे मात्र सकर्मक क्रियापद आहे. ते आपलं कर्म थेट घेतं: ‘एम्फसाइज क्वालिटी’. नामाला जे काम ‘ऑन’च्या मदतीने करावं लागतं, ते क्रियापद एकटं करतं.

ई-मेलमध्ये वारंवार खोडल्या जाणाऱ्या जोड्या या नजरेने पाहा. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर, ‘डिस्कस अबाउट’ चूक. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक. ‘ॲन ऑर्डर फॉर टेन लॅपटॉप्स’ बरोबर, ‘वी ऑर्डर्ड फॉर टेन लॅपटॉप्स’ चूक. ‘ॲक्सेस टु द फोल्डर’ हवा असतो, पण फोल्डर उघडणारा ‘ॲक्सेसेस द फोल्डर’. ‘व्हिजिट टु द प्लांट’ ठरते, पण प्रत्यक्षात माणूस ‘व्हिजिट्स द प्लांट’. ‘इन्व्हेस्टिगेशन इन्टु द कम्प्लेंट’ होतं, आणि चौकशी करणारा ‘इन्व्हेस्टिगेट्स द कम्प्लेंट’. प्रत्येक ठिकाणी आगाऊ शब्द लिहिणाऱ्याने हवेतून आणलेला नाही. त्याने तो त्याच शब्दाच्या नामरूपाबरोबर शेकडो वेळा वाचलेला असतो. नामाची सवय तो क्रियापदाला लावतो, इतकंच.

मराठीमुळे ही सवय आणखी पक्की होते. आपण कितीतरी क्रिया नामाला ‘करणे’, ‘देणे’, ‘घेणे’ जोडून सांगतो. गुणवत्ते‘वर’ भर देणे, पगारा‘बद्दल’ चर्चा करणे, रजे‘साठी’ विनंती करणे. या रचनेत ‘भर’, ‘चर्चा’, ‘विनंती’ ही नामं उघड दिसतात आणि त्यांच्यामुळेच ‘वर’, ‘बद्दल’, ‘साठी’ येतात. हीच बांधणी इंग्रजीत ‘ले एम्फसिस ऑन क्वालिटी’ अशी होते आणि ती पूर्ण बरोबर आहे. गडबड पुढे होते. ‘ले एम्फसिस’ हे दोन शब्द आवळून ‘एम्फसाइज’ हा एक शब्द केला जातो, पण ‘ऑन’ जागेवरच राहतो. म्हणून या जातीच्या चुकीला दोन बरोबर दुरुस्त्या असतात. ‘ऑन’ काढावा, नाहीतर ‘ऑन’ ठेवून क्रियापदाच्या जागी नाम आणावं. ‘स्ट्रेस’चंही तसंच आहे. ‘वी स्ट्रेस पंक्चुॲलिटी’ चालतं, ‘वी ले स्ट्रेस ऑन पंक्चुॲलिटी’ही चालतं. ‘वी स्ट्रेस ऑन पंक्चुॲलिटी’ या दोघांच्या मध्ये लटकतं.

सगळा दोष मातृभाषेवर टाकणंही बरोबर नाही. ‘डिस्कस अबाउट’ आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या इंग्रजीतही सर्रास आढळतं आणि तिथल्या लोकांच्या मातृभाषा मराठीपासून कितीतरी लांबच्या आहेत. याचा अर्थ असा, की इंग्रजीतच या चुकीला आमंत्रण आहे. ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतो, ‘डिस्कस’ला लागत नाही. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, ‘अवेट’ला लागत नाही. अर्थ जवळपास सारखा असून एकाला प्रिपोझिशन लागतं आणि दुसऱ्याला नाही, हे नुसत्या अंदाजाने कळणारं नाही. विचार करणारा माणूस नियम जुळवायला जातो आणि चुकतो.

हा प्रश्न आजच्या कॉल सेंटरांच्या काळातला आहे, असंही नाही. मुंबई प्रांताच्या सनदी सेवेतले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी 1907 साली ‘इंडियन इंग्लिश’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. भारतीय लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रचारांत कुठे चुकतात, हा त्याचा विषय होता. पुढे 1979 मध्ये निहलानी, टंग आणि होसाली या तिघांचं भारतीय आणि ब्रिटिश इंग्रजीतले फरक नोंदवणारं पुस्तक आलं. एका पुस्तकाने ज्याला चूक म्हटलं, त्याला दुसऱ्याने फरक म्हटलं. दृष्टी बदलली, पण लोकांच्या लिहिण्यातली सवय टिकली.

शेजाऱ्याकडून आलेला ‘ऑफ’ आणि ‘अप’

‘कम्प्राइजेस ऑफ’ची गोष्ट वेगळी आहे. इथे नामाचा संबंध नाही. इथे एकाच अर्थाची काही क्रियापदं शेजारी राहतात: ‘कन्सिस्ट्स ऑफ’, ‘इज कम्पोज्ड ऑफ’, ‘इज मेड अप ऑफ’ आणि ‘कम्प्राइजेस’. पहिल्या तिघांनाही ‘ऑफ’ लागतो. चौथ्याला लागत नाही. तिघांचा ‘ऑफ’ चौथ्याला चिकटावा, यात नवल नाही. बरोबर वाक्य असं होतं: ‘द कमिटी कम्प्राइजेस फाइव्ह मेंबर्स’. पूर्ण वस्तू आधी, तिचे भाग नंतर आणि मध्ये काहीही नाही.

‘कम्प्राइज’ वापरताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. या क्रियापदानंतर सगळे भाग येतील, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. समितीत पाच जण असतील आणि तुम्हाला त्यातल्या दोघांचाच उल्लेख करायचा असेल, तर ‘इन्क्लूड्स’ लिहावं. ‘द कमिटी कम्प्राइजेस टू इंजिनिअर्स’ असं लिहिलं, तर समिती दोघांचीच आहे असा समज होतो. नुसता ‘ऑफ’ खोडून पुढे जाणाऱ्या तपासनीसाच्या हातून हा दोष निसटतो.

‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ या रूपावर तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांतही वाद आहे. ते शतकाहून अधिक काळ छापील इंग्रजीत आहे आणि अनेक शब्दकोश त्याची नोंद घेतात, तरी कडक संपादक ते कापतात. ब्रायन हेंडरसन या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरने विकिपीडियावरच्या हजारो लेखांतून हे एकच रूप हाताने काढून टाकलं. 2015 साली त्यांची गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांत आली, तेव्हा अशा दुरुस्त्यांचा आकडा 47,000च्या घरात होता. एवढी चिकाटी सगळ्यांना पटली नाही. ‘भाषा बदलते, तुम्ही कशाला अडवता’ असं म्हणणारेही पुष्कळ निघाले. आपल्या कामापुरतं एवढं पुरे, की ‘कम्प्राइज्ड ऑफ’ वादात आहे आणि ‘कम्प्राइजेस ऑफ’ प्रमाण इंग्रजीत चूकच धरलं जातं.

‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही शेजाऱ्यांचा आहे. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’, ‘कम अप विथ’ या चार जोड्या ऑफिसात रोज कानावर पडतात. ‘कोप’ला ‘विथ’ लागतोच, त्यामुळे कानाला तो पाचवा भाऊ वाटतो आणि मध्ये ‘अप’ येऊन बसतो. प्रमाण रूप ‘कोप विथ’ आहे. काय निभावायचं हे आधीच माहीत असेल, तर ‘विथ’ही लागत नाही. ‘हाउ आर यू कोपिंग?’ एवढंच विचारलं जातं.

इथे दुरुस्ती करणाऱ्याने थोडं थांबायला हवं. ‘वी आर अनेबल टु कोप अप विथ द न्यू ऑर्डर्स’ असं एखाद्याने लिहिलं, तर त्याला दोन गोष्टींपैकी एक म्हणायची असू शकते. ऑर्डर इतक्या वेगाने येताहेत की आपण मागे पडतोय, हे सांगायचं असेल तर त्याला ‘कीप अप विथ’ हवं आहे. कामाचा ताण झेपत नाही, हे सांगायचं असेल तर ‘कोप विथ’. पहिल्यात उपाय म्हणून यंत्र वाढवता येईल, दुसऱ्यात कदाचित माणसं. अशा वेळी ‘अप’ खोडण्याआधी लिहिणाऱ्याला विचारणं हीच खरी दुरुस्ती.

एका छोट्या शब्दाने अर्थ फिरतो तेव्हा

‘अर्थ कळतोय ना, मग एका शब्दाने काय बिघडलं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. ‘डिस्कस अबाउट’पुरतं ते खरं आहे. तिथे कोणाचा गैरसमज होत नाही. पण प्रिपोझिशन असणं-नसणं ही नेहमीच सजावटीची बाब नसते. काही क्रियापदं दोन्ही प्रकारे चालतात आणि दोन्ही वेळा वेगळं काही सांगतात.

‘द मॅनेजर अप्रूव्ह्ड द प्लॅन’ म्हणजे मॅनेजरने योजनेला मंजुरी दिली. ‘द मॅनेजर अप्रूव्ह्ड ऑफ द प्लॅन’ म्हणजे योजना त्याला पसंत पडली. त्यात सही झाली असं कुठेच म्हटलेलं नाही. ‘शी अटेंडेड द मीटिंग’ म्हणजे ती बैठकीला हजर होती. ‘शी अटेंडेड टु द कम्प्लेंट’ म्हणजे तिने तक्रारीत लक्ष घातलं. ‘आन्सर द ऑडिटर’ म्हणजे लेखापरीक्षकाला उत्तर द्या, आणि ‘आन्सर टु द ऑडिटर’ म्हणजे तुम्ही त्याला जबाबदार आहात. ‘सिक्युरिटी सर्च्ड द व्हिजिटर’ यात पाहुण्याची झडती झाली. ‘सर्च्ड फॉर द व्हिजिटर’ म्हटलं, की पाहुणा सापडत नव्हता म्हणून त्याला शोधलं.

याचं सर्वात ठसठशीत उदाहरण पेटंटच्या भाषेत आहे. एखाद्या मलमाचं पेटंट मागताना ‘कम्प्राइजिंग’ लिहिलं, की त्याचा अर्थ ‘हे घटक आहेतच, आणखीही असू शकतात’ असा घेतला जातो. प्रतिस्पर्ध्याने तेच दोन घटक घेऊन तिसरा मिसळला, तरी त्याचं मलम या हक्काच्या कक्षेत येतं. त्याच जागी ‘कन्सिस्टिंग ऑफ’ लिहिलं, तर यादी बंद होते: हेच घटक, दुसरं काही नाही. मग तिसरा घटक घालणारा सहज निसटू शकतो. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांसाठी असलेल्या नियमपुस्तिकेत हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे. रोजच्या इंग्रजीत ‘कम्प्राइज’ पूर्ण यादीकडे झुकतं आणि पेटंटमध्ये उघड्या यादीकडे. अशा मसुद्यात ‘कम्प्राइजिंग ऑफ’ ही दोन क्रियापदांची खिचडी आली, तर लिहिणाऱ्याला उघडी यादी हवी होती की बंद, हा प्रश्न उगाच उभा राहतो.

एक मसुदा, सहा दुरुस्त्या

आता एक मसुदा ओळीओळीने पाहू. समजा, सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका टीम लीडला परदेशी ग्राहकाकडे मुदतवाढ मागायची आहे. तिने लिहिलं:

‘वी डिस्कस्ड अबाउट द डिले इन यस्टरडेज कॉल. अवर टीम कम्प्राइजेस ऑफ सिक्स टेस्टर्स. दे आर ट्राइंग टु कोप अप विथ द वर्कलोड. आय वुड लाइक टु एम्फसाइज ऑन द टेस्टिंग ऑफ द पेमेंट पेज. वी रिक्वेस्ट फॉर टू मोअर वीक्स. वी अवेट फॉर युअर रिप्लाय.’

पहिल्या वाक्यात ‘अबाउट’ जातो, कारण तो ‘डिस्कशन’चा आहे: ‘वी डिस्कस्ड द डिले’. दुसऱ्यात ‘ऑफ’ हा ‘कन्सिस्ट्स’चा. इथे तपासनीस दोन पर्याय देऊ शकतो, ‘कम्प्राइजेस सिक्स टेस्टर्स’ किंवा ‘कन्सिस्ट्स ऑफ सिक्स टेस्टर्स’. पण त्याने आधी विचारायला हवं, की टीममध्ये फक्त तपासणी करणारे सहा जणच आहेत का? टीम लीड स्वतः आणि एक डेव्हलपर धरून आठ जण असतील, तर दोन्ही पर्याय चुकीची माहिती देतील. मग सरळ ‘अवर टीम हॅज सिक्स टेस्टर्स’ लिहिणं सर्वात चांगलं.

तिसऱ्या वाक्यात ‘अप’ काढायचा की ‘कोप’ बदलून ‘कीप’ करायचं, हे काम साठतंय की ताण वाढतोय यावर ठरेल. मुदतवाढ मागितली आहे, म्हणजे काम साठत असावं. तरी विचारून ‘कीप अप विथ’ करावं. चौथ्यात ‘ऑन’ जातो, पण तेवढ्याने भागत नाही. ‘एम्फसाइज द टेस्टिंग’ म्हणजे तपासणीवर भर देणे, पण कशासाठी, ते ग्राहकाला कळत नाही. टीम लीडला बहुधा म्हणायचं आहे, की पेमेंटचं पान नीट तपासलं गेलंच पाहिजे. ‘एम्फसाइज’नंतर ‘दॅट’ घालून पूर्ण वाक्य देता येतं: ‘आय वुड लाइक टु एम्फसाइज दॅट द पेमेंट पेज नीड्स थरो टेस्टिंग’. आता मुदतवाढीचं कारण उघड झालं.

पाचव्यातला ‘फॉर’ हा ‘अ रिक्वेस्ट फॉर’ या नामाचा आहे. ‘वी रिक्वेस्ट टू मोअर वीक्स’. कोणाला हे फार कोरडं वाटलं, तर ‘वी वुड लाइक टु आस्क फॉर टू मोअर वीक्स’ लिहावं. ‘आस्क’ला मात्र इथे ‘फॉर’ हवाच. शेवटच्यात ‘अवेट’ ठेवून ‘फॉर’ काढावा, नाहीतर ‘वेट’ आणून ‘फॉर’ ठेवावा. सहा वाक्यांत काढलेले शब्द मोजकेच आहेत, पण त्यातल्या तीन ठिकाणी लिहिणारीला नक्की काय म्हणायचं होतं, हे ठरवावं लागलं. नुसतं खोडलं असतं तर व्याकरण सुधारलं असतं आणि पत्र तितकंच मोघम राहिलं असतं.

स्वतः कसं तपासायचं

कोणी तपासायला नसेल, तर एक सोपी कसोटी आहे. वाक्य कर्मणी करून पाहावं. आपण सगळे ‘ॲज डिस्कस्ड’ आणि ‘ॲज रिक्वेस्टेड’ लिहितो. ‘ॲज डिस्कस्ड अबाउट’ कोणी लिहीत नाही. ‘द इश्यू वॉज डिस्कस्ड’ म्हणताना जो शब्द लागला नाही, तो ‘वी डिस्कस्ड द इश्यू’मध्येही लागणार नाही. उलट जिथे प्रिपोझिशन खरोखर क्रियापदाचं असतं, तिथे ते कर्मणीतही सोडून जात नाही. कोर्टात खटला निकाली निघाला की ‘डिस्पोज्ड ऑफ’ असं लिहितात. तिथला ‘ऑफ’ पक्का आहे, म्हणून ‘वी डिस्पोज्ड द ओल्ड कम्प्युटर्स’ चूक आणि ‘डिस्पोज्ड ऑफ’ बरोबर. ‘काइंडली रेफर द अटॅच्ड फाइल’मध्ये ‘टु’ हवा, तोही याच कसोटीला उतरतो: ‘द फाइल वॉज रेफर्ड टु’. तो ‘टु’ काढला, तर फाइल कोणाकडे तरी पाठवली असा वेगळाच अर्थ होतो.

या कसोटीची मर्यादा अशी, की ‘कम्प्राइज’, ‘कन्सिस्ट’ आणि ‘कोप’ यांना ती नीट लागू पडत नाही. ‘कन्सिस्ट’चं कर्मणी होतच नाही. ‘वॉज कन्सिस्टेड ऑफ’ ही स्वतंत्र चूक आहे. शेजाऱ्याकडून उसना आलेला शब्द ओळखायला शब्दकोशच उघडावा लागतो, आणि तोही शिकणाऱ्यांसाठी केलेला. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना अशा कोशाचं काम केलं. तो 1942 साली जपानमध्ये छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने आणला. आजचा ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश त्याचाच वंशज. शब्दाचा अर्थ देऊन थांबायचं नाही, तो वाक्यात कसा बसतो हेही दाखवायचं, हे हॉर्नबींच्या कामाचं वैशिष्ट्य होतं. म्हणून अशा कोशात ‘कोप’ पाहिलं, की लगेच ‘विथ समथिंग’ दिसतं आणि ‘एम्फसाइज’ पाहिलं, की थेट ‘समथिंग’. अर्थ माहीत असल्यामुळे आपण या शब्दांसाठी कोश उघडतच नाही, आणि तिथेच चुकतो. रचनेसाठी कोश उघडण्याची सवय लावावी.

संगणकाला मात्र एका झटक्यात सगळे ‘एम्फसाइज ऑन’ बदलायला सांगू नये. ‘वी एम्फसाइज्ड ऑन मंडे दॅट…’ यात ‘ऑन’ सोमवारचा आहे, तो हवाच. ‘वी डिस्कस्ड अबाउट टेन पॉइंट्स’मध्ये ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’, म्हणून तोही बरोबर. ‘शी ऑर्डर्ड फॉर एव्हरीवन’ म्हणजे तिने सगळ्यांच्या वतीने जेवण मागवलं. जोडी सारखी दिसली, तरी तो छोटा शब्द पुढच्या शब्दाचा आहे की मागच्या क्रियापदाला उगाच चिकटलेला, हे वाक्य वाचूनच कळतं.

आणखी एक धोका अतिदुरुस्तीचा. ‘डिस्कस अबाउट’वर एकदा ओरडा खाल्लेला माणूस सगळीकडचाच ‘अबाउट’ काढू लागतो आणि ‘डिस्कशन अबाउट’ला हात लावतो, जिथे तो योग्य होता. ‘कम्प्राइजेस ऑफ’ चूक हे ऐकून कोणी ‘कन्सिस्ट्स सिक्स मेंबर्स’ लिहितो. कारण न सांगता केलेल्या दुरुस्तीचं हे फळ आहे. ‘ऑफ चूक आहे’ असं कधीच सांगू नये. ‘हा ऑफ कन्सिस्टचा आहे, कम्प्राइजचा नाही’ असं सांगावं.

काय सोडून द्यावं

प्रत्येक फरक चूक नसतो. ब्रिटिश वर्तमानपत्रं निकालाविरुद्ध ‘अपील अगेन्स्ट’ लिहितात, अमेरिकी वर्तमानपत्रं ‘अपील द व्हर्डिक्ट’ लिहितात. ‘प्रोटेस्ट’चंही तसंच. अमेरिकी माणूस ‘मीट विथ’ आणि ‘राइट मी’ बिनधास्त लिहितो. ‘इम्पॅक्ट’ क्रियापद म्हणून ‘ऑन’सह आणि ‘ऑन’शिवाय दोन्ही प्रकारे छापलं जातं. पत्र वाचणारा कोणत्या देशाचा आहे, यावर इथे निर्णय घ्यावा आणि एका पत्रात एकच पद्धत ठेवावी. ‘चूक’ असा शिक्का मारण्याआधी कोशात दोन्ही रूपं पाहावीत.

ऑफिसातल्या ऑफिसात, चॅटवर, एका टीमच्या लोकांनी एकमेकांना ‘लेट्स डिस्कस अबाउट इट’ म्हटलं, तर मी ते दुरुस्त करत नाही. तिथे सगळ्यांची भाषा सारखी आहे आणि काम चालतं. ग्राहकाला जाणारं पत्र, करार, निविदा, अहवाल आणि नोकरीचा अर्ज यांचं तसं नाही. तिथे वाचणारा आपल्याला ओळखत नाही, त्याच्यापुढे फक्त मजकूर असतो, आणि ‘अप्रूव्ह’ की ‘अप्रूव्ह ऑफ’ यावर पैसे अडू शकतात. तिथे मात्र मी एकही जोडी सोडत नाही.

दुरुस्ती करायची ती एकट्याला, सगळ्यांना कॉपी जाणाऱ्या उत्तरात नाही. एका वेळी दोन-तीनच जोड्या घ्याव्यात आणि प्रत्येकीबरोबर तिचं नामरूप किंवा तिचा शेजारी लिहून द्यावा. ‘एम्फसिस ऑन, पण एम्फसाइज’ ही ओळ समासात लिहायला काही सेकंद लागतात. कारण एकदा कळलं, की माणूस पुढच्या वेळी ‘डिमांड फॉर’ आणि ‘ॲप्रोच टु’ही स्वतःच तपासतो, त्या जोड्या त्याला कोणी कधी शिकवलेल्या नसल्या तरी.